ठोक्यांमधलं अंतर
एक सिलिंडर, पॅरलल ट्विन की व्ही-ट्विन? नवी मोटरसायकल घेताना इंजिनाचा स्वभाव कसा ओळखावा

रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० आणि कावासाकीची निंजा ३०० या दोन गाड्यांची माहितीपत्रकं शेजारी ठेवली, तर एक आकडा बुचकळ्यात टाकतो. क्लासिकच्या ३४९ सीसी इंजिनाचा टॉर्क, म्हणजे क्रँकला मिळणारा पीळ, २७ न्यूटन-मीटर आहे. निंजाच्या २९६ सीसी इंजिनाचा टॉर्क २६ च्या आसपास आहे. जवळजवळ सारखाच म्हणायला हवा. पण या दोन गाड्या पाठोपाठ चालवणाऱ्याला त्या एकमेकींच्या चुलत बहिणीही वाटणार नाहीत. क्लासिक रिक्षाच्या मागे चौथ्या गिअरमध्ये तिशी-पस्तिशीच्या वेगाने निवांत चालते आणि गॅप दिसली की गिअर न बदलता पुढे सरकते. निंजा त्याच ठिकाणी खालचा गिअर मागते. मात्र मोकळा रस्ता मिळाला की क्लासिक थकायला लागते तिथे निंजाचा खरा जोर सुरू होतो.

याचं उत्तर त्याच माहितीपत्रकात, टॉर्कच्या पुढे बारीक अक्षरांत दिलेलं असतं. क्लासिक आपला पूर्ण टॉर्क मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर देते आणि निंजा १०,००० फेऱ्यांवर. सारखाच पीळ मिनिटाला अडीचपट फेरे घेऊन मिळाला की अश्वशक्ती वाढते. म्हणून क्लासिकची ताकद सुमारे २० हॉर्सपॉवर आणि निंजाची ३९ च्या घरात. क्लासिकमध्ये एक मोठा सिलिंडर आहे, निंजामध्ये दोन लहान. शोरूममध्ये उभं राहून ‘किती सीसी?’ आणि ‘अॅव्हरेज किती?’ एवढंच विचारणाऱ्याला हा फरक कळत नाही. तो घरी गाडी आणल्यावर, रोजच्या रस्त्यावर कळतो आणि तोवर पैसे भरलेले असतात.

इंजिनाचा ठोका म्हणजे काय

आपल्या मोटरसायकलींची इंजिनं फोर-स्ट्रोक असतात. पिस्टन चार वेळा खाली-वर होतो, तेव्हा त्यातल्या एकाच फेरीत पेट्रोल पेटून तो खाली ढकलला जातो. उरलेल्या तीन हालचाली हवा आत घेणं, दाबणं आणि धूर बाहेर टाकणं यांत जातात. या चार हालचालींत क्रँकचे दोन पूर्ण फेरे होतात. म्हणजे एका सिलिंडरला दोन फेऱ्यांत एकदाच काम मिळतं. या पेटण्याला आपण ठोका म्हणू. बुलेटचा जो ‘डग-डग’ आवाज लोक दुरून ओळखतात, तो हाच.

आता इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेतंय असं धरू. शहरातून चालवताना अनेक गाड्या याच्या आसपास असतात. एका फेऱ्याला २० मिलिसेकंद लागतात. एक सिलिंडरच्या इंजिनात दोन ठोक्यांमध्ये ४० मिलिसेकंदांचं अंतर पडतं, म्हणजे सेकंदाला २५ ठोके. दोन सिलिंडर असले की सेकंदाला ५० ठोके होतात. पण हे ५० ठोके एकसारख्या अंतराने पडतात की जोडीजोडीने, हे क्रँकच्या घडणीवर ठरतं. गाडीचा आवाज, हँडलमधली थरथर, हळू चालवताना लागणारे धक्के, उंच वेगातला तिचा गुळगुळीतपणा, या सगळ्याचं मूळ या अंतरात आहे.

एक सिलिंडर : साधा, पण एकाच साच्याचा नाही

एक सिलिंडरच्या इंजिनात क्रँकचा जेमतेम अर्धा फेरा पिस्टन ढकलतो. उरलेला दीड फेरा क्रँकला स्वतःच्या वजनाच्या जोरावर काढावा लागतो. म्हणून त्याला जड फ्लायव्हील देतात. कुंभार काठीने चाकाला एकदा जोर देतो आणि पुढचा जोर देईपर्यंत चाक आपल्या वजनाने फिरत राहतं, तसंच हे. फ्लायव्हील जितकं जड, तितकं इंजिन कमी फेऱ्यांवरही बंद न पडता ओढत राहतं. क्लासिकमध्ये पिस्टनचा प्रवास, म्हणजे स्ट्रोक, ८५.८ मिलिमीटर आहे आणि सिलिंडरचा व्यास ७२. असं लांब स्ट्रोकचं इंजिन आणि त्याला जड क्रँक, या जोडीमुळे ती गर्दीत हाफ क्लचवर फारसं न ताटकळता चालते.

या मांडणीची अडचण थरथर ही आहे. पिस्टन वर गेला की थांबतो, उलटतो आणि खाली येतो. प्रत्येक वेळी तो इंजिनाला वर-खाली झटका देतो आणि त्या झटक्याला उत्तर द्यायला समोर दुसरा पिस्टन नसतो. क्रँकवर वजन लावून झटका थोडा मारता येतो, पण पूर्ण मारायला गेलं तर तोच झटका पुढे-मागे जाणवू लागतो. जुन्या बुलेट वर्षानुवर्षं अशाच धावल्या. नव्या पिढीच्या ३५० सीसी इंजिनात, जे २०२० मध्ये मीटिअरमध्ये आणि २०२१ मध्ये क्लासिकमध्ये आलं, क्रँकच्या उलट दिशेने फिरणारा एक बॅलन्सर शाफ्ट बसवला आहे. उरलेला मोठा झटका तो खाऊन टाकतो. जुनी आणि नवी क्लासिक सलग चालवली तर ऐंशीच्या वेगात आरशाकडे पाहूनच हा फरक कळतो.

तरी एक गोष्ट बॅलन्सरलाही बदलता येत नाही. इंजिनाचे फेरे दुप्पट झाले की हा झटका चौपट होतो. शिवाय फेऱ्याच्या दुप्पट गतीने येणारी एक बारीक थरथर उरतेच. म्हणून एक सिलिंडरच्या गाडीला एक पट्टा असतो, ज्यात ती गोड चालते. तो ओलांडला की हाताला, पायाला मुंग्या यायला लागतात. क्लासिकसाठी तो पट्टा साधारण ताशी ८०-९० किलोमीटरपर्यंत आहे.

मात्र एक सिलिंडर म्हणजे संथ गाडी, हा समज सोडून द्यायला हवा. चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होणाऱ्या केटीएम ३९० ड्यूक आणि ट्रायम्फ स्पीड ४०० पाहा. दोघींत एकच सिलिंडर आहे, व्यास ८९ आणि स्ट्रोक ६४ मिलिमीटर. क्लासिकच्या अगदी उलट, रुंद आणि आखूड. आखूड स्ट्रोकमुळे पिस्टनला एका फेऱ्यात कमी अंतर कापावं लागतं आणि इंजिन वर चढायला तयार असतं. स्पीड ४०० मध्ये ४० हॉर्सपॉवर मिळते, ड्यूकमध्ये त्याहून थोडी जास्त. पण पूर्ण टॉर्क ६,५०० फेऱ्यांवर येतो. अशा इंजिनात वरच्या गिअरमध्ये ३,००० च्या खाली अॅक्सिलरेटर उघडला की चेन टिकटिकते आणि धक्के बसतात. ४० मिलिसेकंदांचं अंतर भरून काढायला हलका क्रँक पुरत नाही. हार्ले-डेव्हिडसनच्या नावाने विकली जाणारी एक्स ४४० सुद्धा एकाच सिलिंडरची आहे. तिचा स्ट्रोक मात्र लांब आणि टॉर्क ४,००० फेऱ्यांवर ३८ न्यूटन-मीटर. म्हणून ४०० सीसीच्या आसपासच्या एक सिलिंडरच्या दोन गाड्यांमध्येही स्वभावाचा मोठा फरक पडतो. सिलिंडर किती, यानंतर लगेच पाहायचा तो पूर्ण टॉर्क कुठल्या फेऱ्यांवर येतो याचा आकडा.

पॅरलल ट्विन : तीन क्रँक, तीन गाड्या

पॅरलल ट्विनमध्ये दोन सिलिंडर शेजारी-शेजारी उभे असतात. दोघांचं डोकं एक, ब्लॉक एक, इंजिन रुंद पण लांबीला आखूड. त्याच सीसीचं काम दोन लहान पिस्टन वाटून घेतात, म्हणून प्रत्येक पिस्टन हलका आणि त्याचा झटकाही लहान. खरा प्रश्न हा असतो की हे दोन पिस्टन एकमेकांच्या मागे-पुढे किती अंशांनी ठेवले आहेत.

सगळ्यात जुनी मांडणी ३६० अंशांची. १९३७ मध्ये ट्रायम्फसाठी एडवर्ड टर्नर यांनी केलेली स्पीड ट्विन ही या मांडणीची गाजलेली गाडी. यात दोन्ही पिस्टन बरोबर वर जातात, बरोबर खाली येतात, पण आळीपाळीने पेटतात. ३,००० फेऱ्यांवर ठोके २० मिलिसेकंदांच्या अगदी समान अंतराने पडतात. ओढ एकसारखी मिळते. पण दोन्ही पिस्टन एकत्र हलत असल्यामुळे थरथर एक सिलिंडरसारखीच राहते.

दुसरी मांडणी १८० अंशांची, निंजा ३०० मधली. एक पिस्टन वर असताना दुसरा खाली. दोघांचे झटके एकमेकांना बऱ्याच अंशी मारतात, म्हणून इंजिन अकरा हजार फेऱ्यांपर्यंत बिनबोभाट जातं. पण ठोके विषम पडतात. एक ठोका, लगेच दहा मिलिसेकंदांनी दुसरा आणि मग तीस मिलिसेकंदांची पोकळी. वेग वाढला की ही पोकळी जाणवत नाही, आवाज तीक्ष्ण आणि सलग होतो. कमी वेगात मात्र ती जाणवते आणि निंजा खालचा गिअर मागते. लहान स्ट्रोक, हलका क्रँक आणि जोडीने पडणारे ठोके, तिघंही एकाच दिशेला ओढतात. या गाडीत ताकद वर आहे आणि तिथपर्यंत जायला गिअर वापरावे लागतात.

तिसरी २७० अंशांची, सध्या सर्वांत जास्त चालणारी. रस्त्यावरच्या गाडीत ती १९९५ च्या यामाहा टीआरएक्स ८५० मध्ये आली. आपल्याकडे ती घरोघरी पोचवली रॉयल एनफिल्डच्या इंटरसेप्टर आणि कॉन्टिनेंटल जीटी ६५० यांनी, २०१८ मध्ये. बारामतीला पियाजिओच्या कारखान्यात बनणाऱ्या अप्रिलिया आरएस ४५७ मध्येही हीच मांडणी आहे. ठोके १५ आणि २५ मिलिसेकंदांच्या अंतराने पडतात. त्यामुळे आवाजात लय येते, ‘धड-धड, धड-धड’ अशी. पण या मांडणीचा मोठा फायदा कानापेक्षा हाताला कळतो. १८० अंशांच्या इंजिनात दोन्ही पिस्टन एकाच क्षणी टोकाला पोचून थांबतात आणि त्यांना पुन्हा हलवायला क्रँकला दरवेळी आपली गती खर्च करावी लागते. २७० अंशांत एक पिस्टन थांबतो तेव्हा दुसरा जवळजवळ पूर्ण वेगात असतो. क्रँकची गती कमी-जास्त होत नाही, म्हणून हलका अॅक्सिलरेटर दिला तरी चाकापर्यंत पोचणारी ओढ नेमकी कळते. ओल्या घाटात, वळणातून बाहेर पडताना याचा उपयोग होतो. झटके मात्र आपोआप मरत नाहीत, त्यासाठी बॅलन्सर शाफ्ट लागतोच.

म्हणून शोरूममध्ये फक्त ‘पॅरलल ट्विन आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. क्रँक किती अंशांचा, हे विचारावं. १८० आणि २७० यांतला फरक कित्येकदा एक सिलिंडर आणि दोन सिलिंडरमधल्या फरकाइतका मोठा असतो.

व्ही-ट्विन : रूप, ठोका आणि उष्णता

व्ही-ट्विनमध्ये दोन सिलिंडर एका कोनात, बहुतेक वेळा एकामागे एक बसवलेले असतात आणि दोघांचे कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनला जोडलेले असतात. त्यामुळे इंजिन रुंदीला एक सिलिंडरच्या इंजिनाइतकंच अरुंद राहतं आणि गाडी दोन मांड्यांमध्ये छान धरता येते.

हार्लेने पहिली व्ही-ट्विन १९०९ मध्ये बाजारात आणली. तिच्या परंपरेतल्या इंजिनांत हा कोन ४५ अंशांचा असतो. एवढा अरुंद कोन सायकलसारख्या त्रिकोणी फ्रेममध्ये सहज बसतो. पण दोन्ही पिस्टन जवळजवळ एकत्र वर-खाली होत असल्यामुळे थरथर मोठी असते, आणि निवांत उभ्या असलेल्या हार्लेचं हँडल हलताना दिसतं ते त्यामुळेच. ज्यांना ती थरथर हवीहवीशी वाटते, त्यांच्यासाठी हेच तर कारण असतं.

दुसरी परंपरा ९० अंशांची, डुकाटीची आणि सुझुकीची. इथे गणित सुंदर जुळतं. एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन पिस्टनांचे झटके एकत्र केले, तर त्यांची बेरीज क्रँकबरोबर गोल फिरते. क्रँकच्या विरुद्ध बाजूला योग्य वजन लावलं की ती संपते. मुख्य थरथर मारायला वेगळ्या बॅलन्सर शाफ्टची गरजच राहत नाही. ठोके पडतात ते १५ आणि २५ मिलिसेकंदांनी. हे आकडे ओळखीचे वाटतील. २७० अंशांच्या पॅरलल ट्विनचेही नेमके हेच आहेत.

ही जुळणी हेतुपुरस्सर केलेली आहे. ९० अंशांच्या व्ही-ट्विनचा ठोका लोकांना आवडतो, पण ती बनवायला महाग पडते. दोन वेगळी डोकी, दोन ब्लॉक, कॅमची दोन वेगळी यंत्रणा, पुढे-मागे धावणारे दोन सायलेन्सर पाइप. शिवाय इंजिन लांब असल्याने पुढचं चाक आणि बसायची जागा यांची मांडणी अवघड होते. २७० अंशांचा क्रँक दिला की तोच ठोका एका ब्लॉकमध्ये, कमी खर्चात मिळतो. सुझुकीने व्ही-स्ट्रॉममध्ये हा बदल प्रत्यक्ष केला. भारतात २०१८ मध्ये आलेल्या व्ही-स्ट्रॉम ६५० मध्ये ९० अंशांची व्ही-ट्विन होती. तिच्या जागी आलेल्या ८००डीई मध्ये ७७६ सीसीची २७० अंशांची पॅरलल ट्विन आहे. थरथर मारायला तिला दोन बॅलन्सर शाफ्ट द्यावे लागले. गाडीच्या नावात मात्र ‘व्ही’ कायम राहिला.

रोजच्या वापराच्या दृष्टीने व्ही-ट्विनची सगळ्यात मोठी अडचण उष्णतेची आहे. पुढच्या सिलिंडरला वारा लागतो, मागचा मात्र त्याच्या आडोशाला आणि नेमका बसणाऱ्याच्या मांडीखाली असतो. एप्रिल-मेमध्ये सिग्नलवर उभं राहिलं की हे कुणाला सांगावं लागत नाही. काही हार्ले गाड्यांत तर इंजिन फार तापलं आणि गाडी उभी असली, तर मागच्या सिलिंडरचं पेट्रोल आपोआप बंद होतं, ते यासाठीच. आपल्याकडे व्ही-ट्विनच्या बहुतेक गाड्या मोठ्या, जड आणि महाग आहेत. कीवेच्या व्ही३०२सी सारखी तीनशे सीसीची क्रूझर हा अपवाद. व्ही-ट्विन ही मनाने घ्यायची गाडी आहे आणि त्यात गैर काही नाही. फक्त तिचं रोजचं भाडं उष्णतेत आणि सर्व्हिसच्या बिलात भरावं लागतं, हे आधी ठाऊक असावं.

एक हिशेब

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. पुण्यात कोथरूडला राहणारं एक जोडपं. त्यातला एक जण रोज हिंजवडीला जातो-येतो, आणि महिन्यातून एकदा दोघं बॅगा बांधून साताऱ्यामार्गे कोल्हापूरला जातात. समोर तीन पर्याय आहेत : क्लासिक ३५०, स्पीड ४०० आणि इंटरसेप्टर ६५०.

सपाट रस्त्यावर, वारा नसताना, सरळ बसून ताशी ६० ने जायला साधारण तीन-चार हॉर्सपॉवर पुरतात. १०० ने जायचं तर हवेचा अडथळा इतका वाढतो की बारा ते चौदा लागतात. दोन माणसं आणि सामान धरून गाडीचं एकूण वजन साडेतीनशे किलोच्या आसपास आलं आणि शंभर मीटरला पाच मीटर असा चढ लागला, तर ताशी ८० ने चढायलाही जवळपास तेवढीच ताकद खर्च होते.

हिंजवडीच्या रस्त्यावर यातलं काहीच लागत नाही. तिथे लागतो कमी फेऱ्यांवरचा टॉर्क, हलका क्लच आणि कमी उष्णता. क्लासिक इथे सगळ्यात सोपी आहे. स्पीड ४०० हलकी, पावणेदोनशे किलोच्या आसपासची, म्हणून गर्दीत वळवायला सोयीची, पण चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये हळू चालवायला गेलं तर कुरकुरते. तिसऱ्या गिअरची सवय करावी लागते. इंटरसेप्टर कमी फेऱ्यांवर सगळ्यात गुळगुळीत ओढते. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे तिचा ८० टक्के टॉर्क २,५०० फेऱ्यांवरच मिळतो. पण तिचं वजन दोनशे किलोच्या वर आहे, दोन सिलिंडरची ऊब पायाला लागते, आणि शहरात अॅव्हरेज विशी-पंचविशीत राहतं, तिथे क्लासिक तिशीच्या पलीकडे जाते.

कोल्हापूरच्या रस्त्यावर चित्र उलटतं. क्लासिकची सगळी ताकद २० हॉर्सपॉवर, तीही ६,१०० फेऱ्यांवर. चार हजारांवर ती पंधराच्या आसपास असते. दोघांना घेऊन ताशी ९०-१०० ने चालताना बहुतेक ताकद वापरात गेलेली असते. खंबाटकीच्या चढाला एसटीच्या मागे अडकलं, तर ओव्हरटेक करायला शिल्लक फार थोडं. स्पीड ४०० कडे ४० आहेत, म्हणून ओव्हरटेकची अडचण नाही, मात्र तो करताना इंजिन सहा-सात हजारांवर असतं आणि हाताला ते कळतं. इंटरसेप्टरच्या ४७ हॉर्सपॉवरपैकी शंभरच्या वेगाला पाव ते तिसरा हिस्साच लागतो. गिअर न बदलता अॅक्सिलरेटर पिळला की ती एसटीच्या पुढे असते. चार तासांनी उतरल्यावर अंगात जो थकवा असतो किंवा नसतो, त्यात हाच फरक असतो.

पैशांची एक रेषा या हिशेबात आता ठळक झाली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवर जीएसटी १८ टक्के आहे आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के. थर्ड पार्टी विम्याचा हप्ताही ३५० सीसीच्या पुढे साधारण दुप्पट होतो. या रेषेच्या आत दोन सिलिंडरची गाडी हवी असेल तर पर्याय मोजके आहेत. निंजा ३०० त्यांतली एक, आणि तिचा स्वभाव आपण पाहिला आहे.

या जोडप्याला माझं उत्तर असं : वर्षाला बारा वेळा कोल्हापूर आणि अडीचशे वेळा हिंजवडी असेल, आणि महामार्गावर ऐंशीच्या वेगात समाधान असेल, तर क्लासिक घ्यावी. शंभरीने जायचं आहे, पण बहुतेक वेळा एकटं, तर स्पीड ४००. दोघांनी, सामानासकट, घाट आणि महामार्ग हेच गाडी घेण्याचं खरं कारण असेल, तर जास्तीचा कर सोसूनही ६५० ची पॅरलल ट्विन.

टेस्ट राइडला काय करायचं

शोरूमभोवतीच्या दोन चकरांतून इंजिन कळत नाही. अर्धा तास मागून घ्यावा आणि आपल्या रोजच्या रस्त्यासारखा रस्ता निवडावा. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ३० वर स्थिर चालवून अॅक्सिलरेटर हळूच उघडावा. गाडी सुरळीत उचलते की चेन टिकटिकवते, हे इथेच कळतं. मग वरच्या गिअरमध्ये महामार्गावर तुम्ही जो वेग धरता, तोच वेग किमान दहा मिनिटं धरावा. थरथर दोन मिनिटांत लक्षात येत नाही, दहा मिनिटांनी बोटं सांगतात. त्या वेगात आरशात मागच्या गाडीचा नंबर वाचता येतो का, तेही पाहावं. व्ही-ट्विन किंवा मोठी ट्विन असेल तर दुपारी बारा-एकच्या सुमारास गर्दीतून न्यावी आणि मांडीला लागणारी ऊब तपासावी. शेवटी इंजिन बंद करून गाडी ढकलत पार्किंगमधून मागे घ्यावी. रोज सकाळी हे काम करायचंच असतं.

सर्व्हिसबद्दल दोन प्रश्न विचारावेत. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्हमधली फट किती किलोमीटरला तपासायची आणि ती स्क्रूने लावता येते की शिम बदलावे लागतात. क्लासिकमध्ये एक सिलिंडर आणि दोन व्हॉल्व्ह आहेत, इंटरसेप्टर आणि निंजा दोन्हींत आठ. इंटरसेप्टरमध्ये ती फट स्क्रूने लावता येते. निंजात शिम बदलायला कॅमशाफ्ट उतरवावे लागतात, म्हणून वेळ आणि मजुरी वाढते. व्ही-ट्विनमध्ये मागच्या सिलिंडरचा प्लग किंवा टॅपेट गाठायला टाकी आणि आजूबाजूचे भाग काढावे लागतात, हेही लक्षात ठेवावं.

स्वभाव कुठला आणि बिघाड कुठला

गाडी घेतल्यावर पहिल्या काही महिन्यांत सगळ्यांना शंका येते की ही थरथर अशीच असायची की काहीतरी बिघडलंय. ओळखायची एक सोपी रीत आहे. स्वभावातली थरथर ठरावीक फेऱ्यांवर येते, कुठलाही गिअर असला तरी त्याच फेऱ्यांवर, आणि दिवसागणिक बदलत नाही. बिघाडाची थरथर वाढत जाते किंवा अचानक सुरू होते.

एक सिलिंडरच्या गाडीत हळू चालवताना धक्के वाढले, तर आधी चेन तपासावी. ती सैल झाली की दर ठोक्याला झटका बसतो. मग मागच्या चाकातले कुश रबर पाहावेत. ते झिजले की तोच त्रास होतो आणि लोक विनाकारण इंजिन उघडतात. थरथर एकाएकी वाढली तर इंजिन फ्रेमला धरणारे बोल्ट आवळून बघावेत. ट्विनमध्ये आयडल डळमळीत झालं आणि मधल्या फेऱ्यांवर नवी थरथर आली, तर बऱ्याचदा दोन थ्रॉटल बॉडी एकसारख्या उघडत नसतात. एक सिलिंडर जास्त काम करतो, दुसरा कमी. व्हॅक्यूम गेज लावून त्या जुळवून घेतल्या की गाडी पुन्हा शांत होते. हे काम अंदाजाने, कानाने करणाऱ्या मेकॅनिककडे देऊ नये.

आणि एक गोष्ट कुठल्याही इंजिनाला लागू नाही, असं होत नाही. वरच्या गिअरमध्ये फेरे फार खाली गेल्यावर अॅक्सिलरेटर पूर्ण उघडून गाडी रेटली, की आतून खटखट आवाज येतो. टॉर्क भरपूर असलेल्या एक सिलिंडरच्या गाडीत हा मोह जास्त होतो, कारण ती तक्रार न करता ओढते. तो आवाज आला की गिअर खाली टाकावा. बेअरिंग आणि पिस्टन त्यावर अवलंबून असतात.

‘कुठलं इंजिन सगळ्यात चांगलं’ या प्रश्नाला उत्तर नाही, पण ‘माझी गाडी दिवसातला जास्तीत जास्त वेळ किती फेऱ्यांवर चालणार’ या प्रश्नाला आहे. दोन-तीन हजारांवर चालणार असेल तर लांब स्ट्रोकचा एक सिलिंडर किंवा २७० अंशांची ट्विन. सहा हजारांच्या वर चालणार असेल तर आखूड स्ट्रोकचा एक सिलिंडर किंवा १८० अंशांची ट्विन. ते उत्तर कागदावर लिहून शोरूममध्ये जावं, माहितीपत्रकात टॉर्कच्या पुढचा फेऱ्यांचा आकडा त्याच्याशी ताडून पाहावा आणि जुळत नसेल तर गाडी कितीही देखणी असली तरी टेस्ट राइड दुसऱ्या गाडीची मागावी.